लेखन एक, उच्चार दोन : प्रस्तावना

तरुणपणी एका वार्षिक अंकाची मुद्रिते तपासण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा खिळ्यांची जुळणी अद्याप हातानेच होत असे. मुद्रणकलेवरचे एक इंग्रजी पुस्तक आदल्या रात्री चाळून, आपण आता या विद्येत पारंगत झालो अशा समजुतीने मी छापखान्यात गेलो आणि दोन ओळींमधले अंतर वाढवण्यासाठी ‘लीडिंग’ जास्त घालावे अशी सूचना तेथील वयोवृद्ध जुळारी गृहस्थांना केली. त्यांनी मान वर न करता केसमधून एक पातळ, करडी पट्टी उचलली, माझ्या तळहातावर ठेवली आणि म्हणाले, “अहो, लीडिंग काय म्हणता? लेडिंग. हे हातात घ्या, शिसं आहे हे.” त्यांचे इंग्रजी शिक्षण चौथी-पाचवीपलीकडे गेलेले नव्हते आणि तो शब्द छापलेला पाहण्याचा प्रसंग त्यांच्यावर बहुधा कधी आलेला नव्हता, त्यांनी तो कानाने घेतला होता आणि हाताने ओळखला होता. मी तो केवळ डोळ्यांनी वाचला होता, आणि एल, ई, ए, डी ही चार अक्षरे पाहताच ‘नेतृत्व करणे’ या परिचित क्रियापदाचा उच्चार माझ्या जिभेवर आपोआप रुजू झाला होता. ओळींच्या मध्ये शिशाची पट्टी घालतात म्हणून ते ‘लेडिंग’, ही साधी गोष्ट ज्याच्या ध्यानात आली असती त्याचा उच्चार चुकला नसता. आणि ज्याला उच्चार ठाऊक होता त्याच्या अर्थाची चूक होण्याचा संभवच नव्हता.

प्रस्तुत पुस्तक अशाच इंग्रजी शब्दांविषयी आहे. त्यांची अक्षरे तीच, अक्षरांचा क्रम तोच, परंतु उच्चार दोन, आणि त्या दोन उच्चारांबरोबर अर्थही दोन. ‘टिअर’ म्हटले तर अश्रू, ‘टेअर’ म्हटले तर फाडणे; ‘विंड’ म्हणजे वारा, ‘वाइंड’ म्हणजे गुंडाळणे; ‘बो’ म्हणजे धनुष्य, ‘बाउ’ म्हणजे लवणे; ‘सो’ म्हणजे पेरणे आणि ‘साउ’ म्हणजे डुकरीण. या प्रत्येक जोडीतले दोन्ही शब्द कागदावर लिहिले असता त्यांत काना-मात्रेइतकाही फरक राहत नाही. मराठीत ‘कर’ म्हणजे हात, कर म्हणजे सरकारी पट्टी आणि कर म्हणजे करण्याची आज्ञा. पण हे तिन्ही आपण एकाच तऱ्हेने उच्चारतो, तेव्हा ते या पुस्तकाच्या कक्षेत बसत नाहीत. उलट, जुन्या लेखनपद्धतीत नामवाचक ‘नांव’ सानुस्वार आणि नौकावाचक ‘नाव’ अनुस्वारावाचून लिहीत असत, पण उच्चार बहुतेकांच्या तोंडी एकच होता. तो प्रकार आपल्या विषयाच्या नेमका उलटा होय. आपला मामला फक्त लेखन एक आणि उच्चार भिन्न अशा शब्दांशी आहे, आणि त्यांना मी पुढे ‘भिन्नोच्चारी’ शब्द म्हणेन.

हा विषय मराठी वाचकाला सर्वस्वी परका आहे असे मात्र मी मानत नाही. आपली लिपी उच्चारानुसारी आहे असे आपण मोठ्या अभिमानाने सांगतो, आणि ते पुष्कळ अंशी खरेही आहे. परंतु ‘च’, ‘ज’ आणि ‘झ’ ही तीन अक्षरे या अभिमानाला छेद देतात. ‘जरा थांबा’ यातला ‘जरा’ फारशीच्या मार्गाने आलेला, दंततालव्य उच्चाराचा. आणि ‘जरा-मरण’ यातला ‘जरा’ संस्कृतातून आलेला, शुद्ध तालव्य. चार रुपयांतला ‘चार’ तालव्य आणि ‘गाईला गवत चार’ यातला ‘चार’ दंततालव्य. कागदावर हे दोन ‘जरा’ आणि हे दोन ‘चार’ अगदी एकरूप दिसतात, तरी आपण वाचताना अडखळत नाही; कारण वाक्याचा अर्थ आपल्याला आधी कळतो आणि जीभ त्याच्या मागोमाग योग्य स्थानाला जाऊन लागते. ज्याची मातृभाषा मराठी नाही तो ‘जराजर्जर’ आणि ‘जराशी’ एकाच ‘ज’ने वाचतो, आणि आपण हसतो. इंग्रजी वाचताना त्याच्या जागी आपण असतो, एवढाच काय तो फरक.

आता प्रश्न असा, की अक्षरे एक असूनही उच्चार दोन, हा बखेडा इंग्रजीत उत्पन्न झाला कसा? ‘इंग्रजी ही अशीच बेशिस्त भाषा आहे’ हे शाळेत ऐकलेले उत्तर सोयीचे असले तरी खोटे आहे. एकच जोडी मुळापासून तपासून पाहिली तर या बेशिस्तीत किती शिस्त आहे ते दिसते, आणि त्यासाठी मी माझ्या फजितीचाच शब्द घेतो.

इ. स. 1066 च्या नॉर्मन विजयापूर्वीच्या प्राचीन इंग्रजीत शिशाचे नाव आणि ‘नेणे’ हे क्रियापद हे दोन वेगळे शब्द होते आणि ते वेगळे ऐकूही येत असत. शिशाच्या नावात ‘ऍआ’सारखा एक दीर्घ संयुक्त स्वर होता, क्रियापदात ‘ऍ’ हा नुसता दीर्घ स्वर होता आणि त्यापुढे क्रियापदाचा प्रत्यय होता. पुढच्या दोन-तीन शतकांत संयुक्त स्वर साधा झाला, क्रियापदाचा स्वरही किंचित सरकला, आणि दोघेही एकाच विवृत, दीर्घ ‘ए’पाशी येऊन मिळाले. कालांतराने प्रत्ययही झिजून गेला. म्हणजे मध्ययुगाच्या अखेरीस हे दोन शब्द लिहायलाही एक आणि ऐकायलाही एक, असे होऊन बसले होते. आज जी जोडी भिन्नोच्चारी म्हणून पाठ करून घेतात, ती एके काळी पूर्णपणे समोच्चारी होती, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

याच सुमारास, 1476 मध्ये, विल्यम कॅक्स्टनने वेस्टमिन्स्टर येथे छापखाना घातला. त्यानंतरच्या शतकात मुद्रकांनी आणि लेखनिकांनी एक उपयुक्त वहिवाट पाडली : मिटत्या तोंडाचा दीर्घ ‘ए’ असेल तेथे दोन ‘ई’ लिहावयाचे, आणि उघड्या तोंडाचा दीर्घ ‘ए’ असेल तेथे ‘ई’ आणि ‘ए’ ही अक्षरे जोडून लिहावयाची. भेटणे आणि मांस या अर्थांचे ‘मीट’ हे दोन शब्द आज एकसारखे उच्चारले जातात, पण त्यांची वर्णरचना वेगळी आहे, ती या वहिवाटीमुळेच. त्या काळी ते कानालाही वेगळे होते. शिसे आणि नेणे या दोन्ही शब्दांत उघडा स्वर असल्यामुळे दोघांच्याही वाट्याला तीच अक्षरे आली, आणि तेव्हाच्या उच्चाराच्या हिशेबाने हा न्याय अगदी बिनचूक होता.

परंतु कागदावर सही-शिक्का होत असतानाच उच्चार पाय काढून चालला होता. पंधराव्या शतकापासून सुमारे दोन-अडीचशे वर्षे इंग्रजीतले सगळे दीर्घ स्वर तोंडात एकेक पायरी वर चढत होते, आणि जे सर्वांत वरच्या पायरीवर होते ते फुटून संयुक्त स्वर बनत होते : ‘ई’चा ‘आइ’ झाला, ‘ऊ’चा ‘आउ’ झाला, मिटलेला ‘ए’ ‘ई’च्या जागी गेला, आणि उघडा ‘ए’ही पायरी-पायरीने त्याच्या मागे निघाला. डॅनिश पंडित ओट्टो येस्पर्सन याने 1909 मध्ये या घडामोडीचे एकत्रित वर्णन करून तिला ‘महास्वरसंक्रमण’ या अर्थाचे नाव दिले, आणि तेच आज सर्वमान्य आहे. ‘नेणे’ हे क्रियापद या मिरवणुकीबरोबर निमूटपणे चालत राहिले आणि ‘लीड’ झाले. शिशाचे मात्र वाटेत निराळेच झाले. शेवटी ‘ड’ असलेल्या कित्येक एकाक्षरी शब्दांत दीर्घ स्वर मध्येच ऱ्हस्व झाला. आणि संक्रमण फक्त दीर्घ स्वरांचे असल्यामुळे, जो ऱ्हस्व झाला तो मिरवणुकीतून गळाला आणि होता तेथेच राहिला. ब्रेड, डेड, हेड, थ्रेड यांच्याबरोबर शिशाचे ‘लेड’ही असेच मागे राहिले. हे ऱ्हस्वीकरण सरसकट झाले नाही. ‘बीड’ आणि ‘प्लीड’ यांना त्याचा स्पर्श झाला नाही. कोणता शब्द सापडावा आणि कोणता सुटावा याचा पक्का नियम कोणाला सांगता आलेला नाही, आणि आला असे कोणी म्हणाले तर त्याच्या पुराव्याची नीट झडती घ्यावी.

या कैफियतीला एक पुरवणी आहे, आणि ती आजच्या लेखकांना रोज उपयोगी पडणारी आहे. ‘वाचणे’ या अर्थाच्या ‘रीड’चा भूतकाळ ‘रेड’, पण वर्णरचना तीच. ‘लीड’चा भूतकाळ ‘लेड’, पण त्याच्या वर्णरचनेतून ‘ए’ हे अक्षर गळलेले. दोन्ही भूतकाळांत मूळ धातूचा ‘ड’ आणि प्रत्ययाचा ‘ड’ एकत्र आल्यामुळे स्वर फार पूर्वीच ऱ्हस्व झाला होता, म्हणजे दोघांचा इतिहास सारखाच आहे; लेखनाने मात्र एकाला जुने कपडे ठेवले आणि दुसऱ्याला नवे दिले. परिणाम असा, की चांगले शिकलेले लोकही भूतकाळी ‘लेड’ लिहिताना शिशाची अक्षरे लिहून बसतात. ‘रेड’चे उदाहरण त्यांना चुकीची साक्ष देते, आणि शिशाचा उच्चार त्या साक्षीवर शिक्कामोर्तब करतो. छापील इंग्रजीत ही चूक शोधायची असेल तर एकच कसोटी पुरते : त्या जागी ‘मार्गदर्शन केले’ हा अर्थ बसत असेल तर तेथील ‘ए’ हे अक्षर आगंतुक आहे, ते खुशाल खोडावे.

‘टिअर’ आणि ‘टेअर’ यांची गोष्ट हिच्याच जातीची, पण तेथे अडथळा ‘ड’ने नव्हे तर ‘र’ने केला. अश्रूच्या नावातला स्वर पहिल्यापासून दीर्घ होता आणि तो वर चढून गेला. फाडण्याच्या क्रियापदातला स्वर मुळात ऱ्हस्व, मागाहून दीर्घ झालेला, आणि पुढच्या ‘र’ने त्याला वरच्या पायरीवर जाऊ दिले नाही. ‘बेअर’, ‘वेअर’, ‘पेअर’ हे त्याचेच सोबती, तर ‘निअर’ आणि ‘फिअर’ अश्रूच्या बाजूचे.

‘विंड’ची हकीकत मात्र अधिक रंजक आहे, आणि तीत थोडा वेळ घालवला तर वाचकाची तक्रार नसावी. प्राचीन इंग्रजीत वारा आणि गुंडाळणे या दोन्ही शब्दांत ऱ्हस्व ‘इ’ होती. पुढे ‘न्ड’, ‘ल्ड’ अशा जोडाक्षरांपूर्वीचा ऱ्हस्व स्वर दीर्घ होण्याचा नियम लागू झाला, आणि त्याच्या पुढे तिसरे व्यंजन आले तर तो लागू न होण्याचा अपवादही लागला. ‘चाइल्ड’चे अनेकवचन ‘चिल्ड्रन’ का होते, असा प्रश्न पडलेल्या प्रत्येक मराठी विद्यार्थ्याला त्याचे उत्तर या अपवादात मिळेल : एकवचनात दोन व्यंजने, म्हणून स्वर दीर्घ झाला आणि संक्रमणात ‘आइ’ बनला, अनेकवचनात तिसरा ‘र’ येऊन थांबला, म्हणून स्वर ऱ्हस्व राहिला. या न्यायाने ‘फाइंड’, ‘बाइंड’, ‘माइंड’, ‘ब्लाइंड’ सगळे झाले, ‘वाइंड’ म्हणजे गुंडाळणे झाले, आणि वाराही ‘वाइंड’च व्हायला हवा होता. तो काही काळ तसा होताही. अठराव्या शतकात सभ्य समाजात ‘विंड’ हा ऱ्हस्व उच्चार रूढ होऊ लागला. ‘विंडमिल’सारख्या सामासिक शब्दांत तीन व्यंजनांमुळे तो आधीच ऱ्हस्व होता आणि तेथून तो सुट्या शब्दात शिरला असावा, हे स्पष्टीकरण मला समाधानकारक वाटते. जोनाथन स्विफ्टला हा नवा उच्चार मुळीच खपत नसे. ‘विंड’ म्हणणाऱ्यांपुढे तो ‘माइंड’ आणि ‘फाइंड’ हे शब्दही मुद्दाम ‘मिंड’, ‘फिंड’ असे ऱ्हस्व उच्चारून त्यांची टिंगल करी, अशी आख्यायिका जॉन वॉकरने 1791 च्या आपल्या उच्चारकोशात नोंदवून ठेवली आहे. स्विफ्ट हरला. कवींनी मात्र जुना उच्चार पुढेही जपला, आणि 1820 साली प्रसिद्ध झालेल्या शेलीच्या पश्चिमवाऱ्यावरील सूक्ताच्या अखेरीस वाऱ्याचे यमक ‘बिहाइंड’शी जुळते, ते आजचा वाचक ‘विंड’ म्हणून वाचतो आणि कवीने हलगर्जीपणा केला असे समजतो. हलगर्जीपणा उच्चाराने केलेला आहे. कवी जुन्या सनदेला धरून आहे.

जखमेचे ‘वूंड’ याच नियमाने ‘वाउंड’ व्हायचे, जसे ‘ग्राउंड’ आणि ‘साउंड’ झाले. पण आरंभीच्या ‘व’साठी ओठ आधीच गोल झालेले असल्यामुळे त्यापुढचा ‘ऊ’ फुटला नाही, आणि ‘वाइंड’चा भूतकाळ ‘वाउंड’ याच्याशी त्याची जोडी जमली. असे प्रत्येक जोडीत कोठे तरी एक शेजारी वर्ण आडवा आलेला आढळतो. हा आडवा आलेला वर्ण शोधून काढणे, हाच या जोड्यांच्या अभ्यासातला खरा आनंद आहे.

येथवर पाहिलेल्या जोड्यांत दोन परस्परभिन्न शब्द लेखनाच्या एका दारात योगायोगाने भेटलेले आहेत. यांहून सर्वस्वी निराळा दुसरा वर्ग आहे, आणि या दोहोंची गल्लत बहुतेक शालेय पुस्तकांत झालेली मी पाहिली आहे. तेथे शब्द एकच असतो, पण नाम म्हणून तो एका स्वरूपात वावरतो आणि क्रियापद म्हणून दुसऱ्या. घर म्हणजे ‘हाउस’, शेवटी ‘स’. घरात ठेवणे या अर्थाचे क्रियापद ‘हाउझ’, शेवटी घोषयुक्त ‘झ’. ‘यूस’ आणि ‘यूझ’, ‘क्लोस’ आणि ‘क्लोझ’ हेही याच पंगतीतले. ‘हाउस’च्या जोडीचे मूळ असे, की प्राचीन इंग्रजीत दोन स्वरांमध्ये सापडलेला ‘स’ आपोआप ‘झ’ होत असे. नामाच्या शेवटी ‘स’पुढे काही नव्हते, क्रियापदाला मात्र स्वरादी प्रत्यय होता. ‘माझा’तला ‘झ’ दंततालव्य आणि ‘माझी’तला तालव्य, ही आपल्या तोंडची घडण जशी पुढच्या स्वराने ठरते, तसाच हा प्रकार. पुढे इंग्रजीतला प्रत्यय गळून पडला, पण त्याने केलेली करणी मागे राहिली. ‘लाइफ’ आणि ‘लिव्ह’ या जोडीतही अगदी हेच घडले. परंतु ‘फ’ आणि ‘व्ह’ यांना स्वतंत्र अक्षरे असल्यामुळे तेथे लेखनही फुटले आणि जोडी भिन्नोच्चारी राहिली नाही. ‘एस’ हे अक्षर मात्र ‘स’ आणि ‘झ’ या दोन्ही ध्वनींची चाकरी एकट्याने करीत आले, म्हणून ‘हाउस’ आमच्या यादीत आहे आणि ‘लाइफ’ नाही. एका अक्षराच्या अभावावर एक संपूर्ण शाखा उभी आहे.

या दुसऱ्या वर्गाची दुसरी शाखा आघातावर चालते. ‘रेकॉर्ड’ हा शब्द नाम असेल तर जोर पहिल्या अक्षरावर, क्रियापद असेल तर दुसऱ्यावर, आणि जोर सरकला की त्याच्या मागचा स्वर फिका पडून ‘रिकॉर्ड’ असा ऐकू येतो. ‘परमिट’, ‘ऑब्जेक्ट’, ‘प्रेझेंट’, ‘डेझर्ट’ हे सारे असेच, जरी शेवटच्यात वाळवंट आणि सोडून जाणे असा अर्थाचाही पल्ला लांबलेला आहे. पीटर लेव्हिन्स याच्या 1570 च्या यमककोशात आघाताने नाम-क्रियापद वेगळे होणाऱ्या अशा जोड्या अवघ्या 3 आढळतात. विसाव्या शतकापर्यंत त्यांची संख्या 150 च्या घरात गेली. म्हणजे पहिल्या वर्गाचे दफ्तर केव्हाच बंद झाले आहे, त्यात नवी नोंद क्वचितच पडते. या वर्गाचे खाते अजून चालू आहे. मराठीत आघाताने अर्थ बदलत नाही, त्यामुळे आपल्या कानाला हा भेद मुळी ऐकूच येत नाही आणि आपण नाम आणि क्रियापद दोन्ही एकाच ‘रेकॉर्ड’ने साधतो. यात फार मोठा गुन्हा आहे असे मला वाटत नाही, कारण वाक्यातील स्थानावरून नाम कोणते आणि क्रियापद कोणते हे श्रोत्याला कळतेच. पण शिशाला ‘लीड’ म्हणणे आणि ‘रेकॉर्ड’चा आघात चुकवणे या दोन चुकांचे वजन एक नव्हे, हे शिक्षकाने ओळखले पाहिजे.

या शब्दांकडे विद्वानांनी ज्या दृष्टींनी पाहिले, त्यांचा वाद मुख्यतः लेखन हे कशाचे प्रतिनिधी आहे या एका प्रश्नावर आहे. जॉन हार्टने 1569 मध्ये लेखन म्हणजे ध्वनीचे चित्र असावे असा पक्ष मांडला आणि उच्चाराबरहुकूम नवी वर्णव्यवस्था सुचवली. रिचर्ड मल्कॅस्टर हा शाळामास्तर. त्याने 1582 मध्ये वहिवाटीची बाजू घेतली, कारण मुलांना रोज शिकवणाऱ्याला ठाऊक असते की उच्चार बदलता आणि गावोगाव निराळा असतो. हार्टच्या पक्षाला शतकाशतकाने नवे वकील मिळत गेले. त्यांतले सर्वांत प्रसिद्ध बर्नार्ड शॉ, ज्यांनी आपल्या मृत्युपत्रात नव्या इंग्रजी वर्णमालेची तरतूद केली, आणि त्या वर्णमालेत त्यांचे अँड्रोक्लिस आणि सिंहाचे नाटक 1962 मध्ये छापूनही झाले. निकाल मात्र मल्कॅस्टरच्या बाजूने लागलेला आहे, आणि 1755 च्या जॉन्सनच्या कोशानंतर त्यावर अपील करण्याची सोय फारशी उरली नाही.

याच निकालाला तात्त्विक समर्थन देण्याचा प्रयत्न 1968 मध्ये नोम चॉम्स्की आणि मॉरिस हॅले यांनी केला. त्यांचे म्हणणे असे, की इंग्रजी लेखन जिभेवरच्या ध्वनीऐवजी शब्दाचे मनातले मूळ रूप नोंदवते, आणि उच्चार त्या रूपावरून नियमांनी निघतो. म्हणून ते लेखन दिसते तितके वाईट नाही. भिन्नोच्चारी शब्दांवर हा सिद्धांत घासून पाहिला तर त्याचे बळ आणि मर्यादा दोन्ही उमटतात. ‘रेकॉर्ड’ आणि ‘रिकॉर्ड’ यांचे मूळ एक, तेव्हा लेखन एक असणे यथायोग्यच; तेथे लेखन-सुधारकाने दोन वर्णरचना केल्या तर एका कुटुंबाची दोन बिऱ्हाडे होतील. पण शिसे आणि नेणे यांचे मूळ एक नाही, त्यांच्या मनातल्या रूपातही काही समान नाही. तेथे एक लेखन ठेवण्यात इतिहासाखेरीज कोणतेही तत्त्व दाखवता येत नाही. माझे मत असे, की हार्टचे म्हणणे पहिल्या वर्गापुरते खरे आणि चॉम्स्की-हॅले यांचे दुसऱ्या वर्गापुरते, आणि दोघेही आपापला वर्ग म्हणजेच सारी भाषा असे धरून चालले.

अलीकडे या जुन्या वादाला एक व्यवहारी पक्षकार मिळाला आहे. छापील मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारी यंत्रे आता घराघरांत, गाड्यांत आणि अंधांच्या हाती आहेत, आणि त्यांच्यापुढे हाच पेच रोज उभा राहतो; वर्णरचनेवरून उच्चाराचे नियम त्यांना कितीही शिकवले तरी या ठिकाणी नियम निरुपयोगी. अमेरिकेत डेव्हिड यारोव्स्की याने 1990 नंतरच्या दशकात यावर जो मार्ग दाखवला तो आपल्या जुळारी गृहस्थांच्या मार्गाहून फारसा दूर नाही : शब्दाकडे टक लावून न पाहता त्याचे शेजारी पाहावेत. जवळपास जस्त, नळ किंवा विषबाधा आली तर ‘लेड’. आधी ‘टु’ आले किंवा लगेच पुढे ‘रोल’ आले तर ‘लीड’. शेजारी जितका लगतचा, तितकी त्याची साक्ष अधिक भरवशाची.

पण साक्षीदार उशिरा आला तर माणूसही फसतो. ‘तिच्या डोळ्यात अश्रू होता’ आणि ‘तिचा झगा फाटलेला होता’ ही दोन वाक्ये इंग्रजीत ‘देअर वॉज अ टिअर इन हर आय’ आणि ‘देअर वॉज अ टेअर इन हर ड्रेस’ अशी होतात. निर्णायक शब्द अगदी शेवटी आहे, आणि वादग्रस्त शब्द त्याच्या तीन घरे आधी. मोठ्याने वाचणाऱ्याची दृष्टी जिभेच्या काही शब्द पुढे धावत असते, म्हणून कसलेला वाचक ‘ड्रेस’ आधीच टिपून ‘टेअर’ म्हणतो. नवशिका शब्दाशब्दाने चालतो, ‘टिअर’ म्हणून बसतो, आणि झग्यापाशी आल्यावर थबकतो. वाचणारा कोठे थबकला यावरून त्याची नजर किती पुढे धावते हे शिक्षकाला बिनचूक कळते. मनात वाचणाऱ्यालाही यातून पूर्ण सुटका नाही. ओठ मिटलेले असले तरी असा शब्द आला की नजर तेथे किंचित रेंगाळते, कारण मनातल्या मनातही तो शब्द कोणत्या तरी एका सुरात उच्चारावा लागतो.

या पुस्तकात मी प्रत्येक जोडी तिच्या वर्गात ठेवली आहे, तिचे दोन उच्चार कोणत्या काळी फुटले आणि कोणता शेजारी वर्ण आडवा आला ते जेथे निश्चित सांगता येते तेथे सांगितले आहे, आणि वाचणारा जेथे हमखास फसेल असे एक तरी वाक्य दिले आहे. संगीतातील ‘बेस’ आणि ‘बॅस’ नावाचा मासा, कालमापनाचे ‘मिनिट’ आणि सूक्ष्म या अर्थाचे ‘माइन्यूट’, अशा परभाषांतून आलेल्या किंवा नुसत्या योगायोगाच्या जोड्यांना थोडक्यात निरोप दिला आहे. कोडी घालणाऱ्यांनी ओढूनताणून जमवलेल्या जोड्या, म्हणजे ‘अंक’ या अर्थाचा ‘नंबर’ आणि ‘अधिक बधिर’ या अर्थाचा ‘नमर’ यांसारख्या, मी बाहेर ठेवल्या आहेत; त्या गमतीच्या आहेत, पण त्यांनी कोणाचे वाचन कधी अडलेले नाही. ‘डाइव्ह’चा भूतकाळ ‘डोव्ह’ होऊन तो पारव्याच्या ‘डव्ह’शी जोडी जमवतो, पण ते मुख्यतः अमेरिकेत, अशा प्रादेशिक नोंदी वेगळ्या खुणेने दाखवल्या आहेत. शिसपेन्सिलीविषयी एक स्वतंत्र टिपण आहे, कारण तिच्यात शिसे मुळीच नसून ग्रॅफाइट असते, आणि इंग्रजांची ही जुनी गैरसमजूत आपण भाषांतर करून ‘शिस’ या अक्षरांनी घरात घेतली. शिसे इंग्रजीत फसवते ते उच्चाराने, मराठीत फसवते ते अर्थाने.

उच्चार देवनागरीत दिले आहेत, आणि त्यात जी उणीव राहते ती मी जाणतो. इंग्रजीचा ‘र’ दक्षिण इंग्लंडात शब्दान्ती ऐकू येत नाही आणि अमेरिकेत येतो. ‘टिअर’ लिहून मी दोघांनाही थोडे नाराज केले आहे. आघात दाखवण्यासाठी आपल्या लिपीत रूढ चिन्ह नसल्याने आघाताचे अक्षर ठळक छापले आहे. मुद्रिते परत आली तेव्हा एका दक्ष मुद्रितशोधकाने ‘विंड’ आणि ‘वाइंड’ हे एकाच शब्दाचे दोन प्रकारे झालेले लिप्यंतर समजून, एकवाक्यता यावी म्हणून, पहिल्या सव्वीस पानांवरचे सगळे ‘वाइंड’ खोडून ‘विंड’ केले होते. ते मी पुन्हा पूर्ववत केले आहेत. एखादा नजरेतून निसटला असेल, तर तेथे घड्याळाची चावी आहे की वारा आहे हे पाहून वाचकाने तो आपल्या हाताने दुरुस्त करून घ्यावा.